रॅकवरचा पत्रा कितीला धरायचा? भोसरीतल्या एका ऑर्डरचा हिशेब

भोसरी एमआयडीसीत दोन भावांचे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणारे युनिट आहे. नगर रस्त्यावरच्या एका लोणचे कारखान्याने त्यांच्याकडे खारवणाची, म्हणजे मिठाचे पाणी आणि व्हिनेगर साठवण्याची, एक इन्सुलेटेड टाकी मागितली. बोलणी ताणली गेली आणि गिऱ्हाईक शेवटी ३,७५,००० रुपयांवर अडले. ऑर्डर घ्यायची की सोडायची, एवढाच प्रश्न होता. पण रॅकवर पडून असलेला जुना पत्रा या ऑर्डरवर कितीला लावायचा, यावर ऑफिसात तीन माणसांची तीन मते निघाली. मी त्यांचे कॉस्टिंग पाहतो, म्हणून कागद माझ्याकडे आले. युनिटची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत, मांडणी मात्र जशीच्या तशी आहे. सगळे दर जीएसटी वगळून आहेत, कारण त्यांना इनपुट क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेत असलेल्याला ते मिळत नाही, त्याने खरेदीचा दर जीएसटीसह धरावा.

आधी माल पाहू. टाकीचा आतला भाग ३१६ एल ग्रेडचा हवा. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठातल्या क्लोराइडमुळे पत्र्याला बारीक खड्डे पडतात, ते त्याने बरेच रोखले जातात. ३०४ मध्ये ते नसते, म्हणून खारवणाला ३०४ चालत नाही. तीन मिलिमीटर जाडीचा, १२५० बाय २५०० चा एक पत्रा साधारण ७५ किलो भरतो. या टाकीला असे नऊ पत्रे लागणार होते आणि रॅकवर सात होते.

हे सात पत्रे २०२२ च्या मार्चमधले. लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव एवढा उसळला की ८ मार्चला तिथले व्यवहार थांबवावे लागले, तो हा महिना. स्टेनलेसचे दर तेव्हा चढलेलेच होते आणि युनिटने एका औषध कंपनीच्या ऑर्डरसाठी ४०० रुपये किलोने माल उचलला होता. पुढे ती ऑर्डर रद्द झाली. गिऱ्हाइकाचा अॅडव्हान्स करारानुसार जप्त झाला, पत्रे रॅकवर राहिले. आज तोच पत्रा नवा घेतला तर ३३० रुपये किलोने येतो.

अकाउंटंट मॅडमनी कॉस्ट शीटमध्ये ४०० चा दर घातला. स्टॉक रजिस्टरला तोच दर आहे आणि त्यांच्या जागी दुसरे कोणीही तेच केले असते. थोरल्या भावाचे, सगळे ज्यांना दादा म्हणतात त्यांचे, मत नेमके उलटे होते. "अॅडव्हान्स आपण ठेवून घेतला ना? मग पत्रा फुकटच पडलाय. तीन लाखांत दिली तरी सुटते." धाकट्या भावाला दोन्ही पटत नव्हते. तो म्हणाला, "आज बाजारात जायचं तर ३३० मोजावे लागतील, मग ३३० च लावा."

तिघांपैकी कोणीही एक प्रश्न विचारला नव्हता: ही ऑर्डर घेतली नाही, तर या सात पत्र्यांचे काय होईल?

सगळा हिशेब याच प्रश्नावर उभा राहतो. ४०० रुपये २०२२ मध्येच खिशातून गेले. ऑर्डर घेतली तरी ते परत येत नाहीत, नाही घेतली तरी येत नाहीत. जप्त केलेला अॅडव्हान्सही तसाच, तो दोन्ही बाजूंना सारखाच आपल्याकडे राहतो. म्हणून दादांचे 'फुकट' आणि मॅडमचे '४००' हे दोन्ही आकडे एकाच जुन्या व्यवहाराचे आहेत, फक्त एकाने त्या व्यवहारातली जमा पाहिली आणि दुसरीने खर्च. निर्णयाला लागतो तो पैसा पुढचा आहे: ऑर्डर घेतल्यामुळे जो जादा बाहेर जाईल, किंवा जो आत येणार होता आणि आता येणार नाही.

धाकट्याचा ३३० हा दर नेहमी वापरात असलेल्या मालाला अगदी बरोबर असतो. याच टाकीच्या बाहेरच्या आवरणाला आणि पायांना ३०४ चा २५० किलो पत्रा लागत होता. तो स्टॉकमध्ये होता, २०५ ने घेतलेला. आजचा दर २२०. ३०४ या युनिटमध्ये रोज लागतो. आज इथे २५० किलो काढला की पुढच्या कामासाठी तेवढाच पुन्हा घ्यावा लागणार आणि तो २२० नेच मिळणार. म्हणून ३०४ चे ५५,००० धरायचे, ५१,२५० नाही. यावर वाद झाला नाही. ३१६ एल मात्र इथे रोज लागत नाही. तो संपला तर कोणी आपोआप परत मागवणार नाही, म्हणून त्याला डोळे झाकून ३३० लावता येत नाही.

मग सात पत्र्यांचे काय होणार होते? आम्ही फोरमनला बोलावले, ऑर्डर बुक उघडले आणि तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट फोरमनची. "दादा, त्या हॉस्पिटलच्या पाण्याच्या टाक्यांना लावून टाकू, निदान जागा तरी मोकळी होईल." त्या टाक्यांना ३०४ चे तीन मिलिमीटरचे चार पत्रे, ३०० किलो, विकत घ्यायचे होते. ३१६ एल लावला तर ३०४ ची खरेदी वाचते, ६६,००० रुपये. पण त्या टाक्यांचे ड्रॉइंग १५०० रुंदीच्या पत्र्यावर बेतलेले होते. १२५० चा पत्रा लावला की शिवणी वाढतात, आणि वेल्डिंग वायर, आर्गॉन व जादा ओव्हरटाइम मिळून २,७०० चा खर्च चढतो. हाती उरतात ६३,३००, म्हणजे किलोला २११. चांगला पत्रा साध्या पाण्याला लावल्याबद्दल हॉस्पिटल एक रुपयाही जास्त देणार नव्हते.

दुसरी वाट विक्रीची. इथे थोडे थांबायला हवे, कारण विक्रीची किंमत हा बहुतेक कॉस्ट शीटमधला सगळ्यात ढिसाळ आकडा असतो. कोणीतरी 'भंगारात इतके येतील' असे म्हणतो आणि तोच आकडा वहीत चढतो. न कापलेला, ओळख असलेला पूर्ण पत्रा भंगार नसतो. त्याचे गिऱ्हाईक भंगारवाला नाही, स्टेनलेसचा डीलर आहे, आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटचा. पत्र्यावरचा हीट नंबर सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळला तर भवानी पेठेतला एक डीलर २५० द्यायला तयार होता. सर्टिफिकेट नसते तर त्याने तोच माल भंगाराच्या दराने, १८० ने, मागितला होता. एका दिवसात क्वालिटीच्या फाइलमधून सर्टिफिकेट सापडले आणि सातही पत्र्यांचे नंबर जुळले. एका कागदावर किलोमागे सत्तर रुपये अवलंबून होते.

सर्टिफिकेट नसेल तर तपासणी करून घ्या, असे लगेच सुचवले जाते. हातातल्या एक्स-रे गनने मॉलिब्डेनम दिसते, म्हणजे ३०४ की ३१६ ते कळते. पण ती गन कार्बन मोजत नाही आणि 'एल'चा सगळा अर्थ कार्बनमध्येच आहे, ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यासाठी तुकडा लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर न्यावा लागतो. तो खर्चही या हिशेबात येतो, आणि फक्त विकतानाच नाही. लोणचे कारखान्यालाही सर्टिफिकेट हवेच होते, त्यामुळे वापरायचे म्हटले तरी तो खर्च करावाच लागला असता.

विकायचे तर टेम्पो आणि हमाली मिळून एका फेरीचे ३,७५० होत होते. जवळच्या कुदळवाडीतला जुना ओळखीचा खरेदीदार आता तिथे नव्हता, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली भंगाराची गोदामे पाडली गेल्यावर तो दूर गेला. म्हणून शहरात पाठवण्याचे भाडे धरले. ज्या दराला माल खरोखर हलतो तोच दर, आणि हलवायचा खर्च वजा करूनच. डीलरने व्हॉट्सअॅपवर दर लिहून दिला, सात दिवसांसाठी. मी तो मेसेज कॉस्ट शीटला लावून ठेवायला सांगितले. असा लेखी दर नसेल तर विक्रीची किंमत निव्वळ अंदाज असते आणि तिच्या जोरावर ऑर्डर सोडू नये.

तिसरी वाट ऑर्डर बुकात सापडली आणि तिने सगळे चित्र बदलले. दोन महिन्यांनी एका औषध कंपनीच्या रिॲक्टरचे जॅकेट बदलायचे होते. पर्चेस ऑर्डर आलेली, किंमत ठरलेली, आणि त्यात ३१६ एलचे नेमके हेच दोन पत्रे, १५० किलो, लागणार होते. रॅकवर असतील तर खरेदी नाही. आज लोणच्याच्या टाकीत गेले, तर दोन महिन्यांनी ३३० ने घ्यावे लागणार. म्हणजे या दोन पत्र्यांपुरता धाकटा भाऊ बरोबर होता, फक्त कारण वेगळे होते.

आता सात पत्रे एकसारखे राहिले नाहीत. दिसायला तेच, वजनाला तेच, पण त्यांतले दोन गेले तर ३३० चे नुकसान आणि पाच गेले तर त्यांची जी सर्वांत चांगली दुसरी वाट असेल तिचे नुकसान. त्या पाचांना विक्री आणि पाण्याच्या टाक्या अशा दोन वाटा होत्या. पाचही विकले तर ३७५ किलोचे २५० ने ९३,७५०, त्यातून टेम्पोचे ३,७५० गेले की ९०,०००. चार पाण्याच्या टाकीत घालून एक विकला तर ६३,३०० अधिक १८,७५०, वजा तोच टेम्पो, म्हणजे ७८,३००. फोरमनची वाट विक्रीपेक्षा ११,७०० ने कमी पडली. 'निदान वापरला तरी जाईल' या वाक्यात किती पैसे जातात ते इथे दिसते. महाग ग्रेड स्वस्त ग्रेडच्या जागी लावला की त्याची किंमत स्वस्त ग्रेडएवढीच उरते, आणि इथे ती विक्रीच्याही खाली गेली. ऑर्डर घेतली नाही तरी पत्रे पाण्याच्या टाकीत घालायचे नाहीत, हे त्याच बैठकीत ठरले.

मग लोणच्याच्या टाकीवर ३१६ एलचा खरा बोजा असा पडतो. जॅकेटसाठी राखलेले दोन पत्रे, ४९,५००. विकता आले असते ते पाच, ९०,०००. नऊला कमी पडणारे दोन नवे, ४९,५००. एकूण १,८९,०००. मॅडमना हे पटायला वेळ लागला, म्हणून दुसऱ्या बाजूने मोजून दाखवले. ऑर्डर घेतली तर आज दोन आणि दोन महिन्यांनी दोन असे चार पत्रे विकत घ्यावे लागतील, ९९,०००. ऑर्डर घेतली नाही तर काहीच घ्यावे लागत नाही आणि डीलरकडून ९०,००० येतात. दोन्ही चित्रांतला फरक १,८९,०००. ही उलट तपासणी मी नेहमी करतो. दोन वाटांनी आकडा जुळला नाही, तर कुठेतरी एखादा पत्रा दोनदा मोजला गेला आहे किंवा मोजायचा राहिला आहे. नेहमीची चूक अशी होते: राखीव दोन पत्र्यांचे ३३० धरतात आणि त्याच पत्र्यांची विक्रीची किंमतही मिळवतात. एका पत्र्याला एकच दुसरी वाट मिळते, सर्वांत चांगली ती.

इन्सुलेशनच्या मालाचा मामला छोटा होता पण विचार करायला लावणारा. पीयू फोमची दोन ड्रम, एक पॉलिऑलचे आणि एक आयसोसायनेटचे, आधीच्या कामातून उरली होती. वहीत त्यांची किंमत २२,०००. मुदत संपत आलेली, त्यामुळे विकत घेणारा कोणी नाही आणि दुसरे इन्सुलेशनचे काम हातात नाही. हा माल गटारात किंवा कचऱ्यात टाकता येत नाही, तो धोकादायक कचरा म्हणून रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो. वाहतुकीसह ६,००० चा अंदाज आला. या टाकीत तो वापरला तर हे ६,००० वाचतात. म्हणून इथे खर्च शून्यही नाही, तो उणे ६,००० आहे. मात्र आधी कागदी कपात थोडे मिश्रण ओतून पाहायला सांगितले. आयसोसायनेटला ओलावा लागला की वर खडे धरतात आणि फोम नीट फुगत नाही. आवरण वेल्ड झाल्यावर आत पोकळी राहिली तर ते उघडून पुन्हा करण्याचा खर्च सहा हजारांच्या कितीतरी पुढे जातो. कपातला फोम वेळेत फुगला आणि घट्ट बसला, तेव्हाच ती ड्रम हिशेबात घेतली.

उरलेले खर्च या ऑर्डरमुळेच होणारे होते: बाहेरून दाबून आणायचे डिश एंड, ओव्हरटाइम, आर्गॉन आणि वायर, मिळून १,०४,०००. कायम पगारावरच्या वेल्डरांचा पगार यात नाही, तो दोन्हीकडे सारखाच. कापणीतून निघणारे ६० किलो तुकडे १८० ने विकून १०,८०० येणार होते. पण ते ३०४ च्या तुकड्यांत मिसळले तर मिश्र भंगाराचा दर मिळतो, म्हणून वेगळी पेटी ठेवायला फोरमनला सांगितले.

| | वहीप्रमाणे | दादांच्या मते | निर्णयासाठी |
|---|---|---|---|
| ३१६ एल पत्रा | २,५९,५०० | ४९,५०० | १,८९,००० |
| ३०४ पत्रा | ५१,२५० | ५१,२५० | ५५,००० |
| पीयूची ड्रम | २२,००० | ० | −६,००० |
| बाकीचे खर्च | १,०४,००० | १,०४,००० | १,०४,००० |
| तुकड्यांची विक्री | −१०,८०० | −१०,८०० | −१०,८०० |
| एकूण | ४,२५,९५० | १,९३,९५० | ३,३१,२०० |

वहीप्रमाणे ३,७५,००० ला ऑर्डर घेणे म्हणजे ५०,९५० चा तोटा. प्रत्यक्षात ती घेतल्याने युनिटच्या हातात ४३,८०० जास्त राहतात. मॅडमचे ऐकले असते तर हे ४३,८०० गेले असते. दादांचे ऐकून तीन लाखांना दिली असती, तर लाखभर सुटल्याचे समाधान मिळाले असते आणि ३१,२०० गेले असते. माझ्या अनुभवात दुसरी चूक जास्त घातक ठरते. नाकारलेली ऑर्डर निदान एकदाच नाकारली जाते. फुकट समजून दिलेला दर मात्र गिऱ्हाईक लक्षात ठेवते आणि पुढच्या टाकीलाही तोच मागते, तेव्हा रॅक रिकामा असतो.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. जॅकेटच्या कामाची पर्चेस ऑर्डर हातात होती म्हणून दोन पत्र्यांना ३३० लावले. नुसते तोंडी बोलणे असते तर? मग तेही दोन पत्रे त्याच टेम्पोतून डीलरकडे गेले असते. टेम्पोचे भाडे वाढत नाही, म्हणून त्यांचे २५० ने ३७,५०० धरायचे, २४० ने नाही. एकूण १२,००० ने खाली येऊन ३,१९,२०० होते. ३,७५,००० ला ऑर्डर घेण्याचा निर्णय दोन्हीकडे तोच. पण घासाघीस करताना शेवटची रेघ कुठे ओढायची, ते यावर ठरते.

मॅडमचा शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला होता. "सर, वर्षअखेरीला वहीत तर हे काम तोट्यातच दिसेल ना?" आज तसे दिसेल, हो. कारण स्टॉकमधून माल ४०० ने बाहेर पडेल. पण लेखा मानक २ नुसार साठा खरेदी किंमत आणि निव्वळ विक्रीमूल्य यांतल्या कमी असेल त्या किमतीला दाखवायचा असतो. ज्या मालापासून काही बनवून त्याची किंमत वसूल होणार आहे, तो माल खाली आणावा लागत नाही. हे पाच पत्रे मात्र कोणत्याच कामासाठी राखलेले नव्हते. ते मागच्या ताळेबंदातच ४०० वरून २४० च्या आसपास यायला हवे होते, म्हणजे ६०,००० चा तोटा तेव्हाच दिसला असता. ते राहून गेले म्हणून रद्द झालेल्या ऑर्डरचा तोटा आज लोणच्याच्या टाकीच्या माथी बसतो आहे. मात्र तो वेळेवर दाखवला असता आणि वहीत २४० असते, तरी निर्णयासाठी मी वहीतला आकडा उचलला नसता. डीलरचा दर २९० झाला, तर वहीत २४० राहतील आणि टाकीवर मात्र २८० लावावे लागतील.

ऑर्डर ३,७५,००० ला घेतली. त्याच दिवशी दोन कागद निघाले. एक जॉब कार्ड, ज्यावर नऊही पत्र्यांचे हीट नंबर लिहिले, कारण कापल्यावर मूळ खूण एकाच तुकड्यावर राहते आणि बाकीच्यांवर ती उतरवून ठेवावी लागते. दुसरा, जॅकेटच्या कामासाठी दोन नव्या पत्र्यांची मागणी. ती निघाली नसती तर दोन महिन्यांनी फोरमन रॅककडे गेला असता, ऐन वेळी मिळेल त्या दराने पत्रा आणावा लागला असता, आणि तो जादा खर्च जॅकेटच्या कामावर लिहिला गेला असता.